औषध नळीतच बसलं होतं : कातडीखालच्या बटरफ्लायची एक रात्र

मी घरी जाऊन पॅलिएटिव्ह, म्हणजे आजार बरा होण्यापलीकडे गेलेले आणि त्रास कमी ठेवणं एवढंच हातात उरलेले पेशंट बघणारी नर्स आहे. हे प्रकरण लिहून ठेवतेय कारण यात औषध बरोबर होतं, डोस बरोबर होता, देणाऱ्याचा हातही बरोबर होता, आणि तरी पेशंट अर्धा तास कळवळत राहिला. नावगाव सगळं गाळलंय, आकडे मात्र जसेच्या तसे.

काका सत्तरीचे, अन्ननलिकेचा कॅन्सर, लिव्हरमध्ये पसरलेला. गिळणं जवळपास बंद झालेलं. तोंडाने मॉर्फिन चालू होतं, दर 4 तासांनी 5 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 30. गिळता येईना तेव्हा डॉक्टरांनी ते कातडीखालून द्यायचं ठरवलं. तोंडाने घेतलेलं मॉर्फिन लिव्हरमधून जाताना बरंच खर्ची पडतं, म्हणून कातडीखाली देताना डोस साधारण अर्धा करतात, तसा दिवसाला 15 मिलिग्रॅम, 6 भागांत, प्रत्येकी 2.5. वेळा 8, 12, 4 अशा. आणि मध्येच दुखणं उसळलं तर द्यायचा जादाचा डोस, म्हणजे ब्रेकथ्रू, तोही 2.5 ठेवला. हा आकडा हवेतून येत नाही, 24 तासांच्या एकूण डोसचा दहावा ते सहावा भाग असा तो काढतात, इथे सहावा भाग घेतला आणि तो रेग्युलर डोसएवढाच निघाला. मला हे आवडलं, कारण घरात एकाच मापाच्या सिरिंज राहतात, रात्री कुठली कुठली म्हणून घोळ होत नाही. काकांच्या किडन्या बऱ्या चालत होत्या म्हणून हे सरळ होतं, किडनी खराब असली की मॉर्फिनचे तुकडे अंगात साचतात आणि सगळं गणितच बदलतं.

आमच्याकडचं ॲम्प्युल 1 मिलीत 10 मिलिग्रॅमचं, म्हणजे 2.5 मिलिग्रॅम म्हणजे पाव मिली. हे पाव मिली लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्यावरच फिरणार आहे. (आणि ॲम्प्युल 15 चं पण मिळतं. तेच पाव मिली त्यातून काढलं तर पावणेचार मिलिग्रॅम होतं. म्हणून मी घरच्यांना कधीच "पाव मिली द्या" असं नुसतं सांगत नाही, ॲम्प्युलवरचा आकडा आधी मोठ्याने वाचायला लावते.)

आता बटरफ्लाय. ही बारीक स्टीलची सुई, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे पंख, मागे बारीक नळी आणि नळीच्या टोकाला बूच, ज्यात सिरिंज लागते. काकांना 25 नंबरची, नारिंगी पंखांची होती. पहिली मी पोटावर घातली होती, बेंबीपासून लांब, चिमटीत कातडी धरून, साधारण 45 अंशात तिरकी. वरून पारदर्शक पट्टी, म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. नळीचा एक वेढा करून तो वेगळ्या टेपने चिकटवलेला, ओढ बसली तर वेढा सुटतो, सुई नाही. पट्टीच्या कडेला तारीख आणि वेळ.

ती तीन दिवस छान चालली. चौथ्या दिवशी दुपारी सुनेचा फोन, की सिस्टर, सकाळपासून डोस लागत नाहीयेत, 8 चा पण नाही लागला, 12 चा पण नाही, औषध वाढवायचं का डॉक्टरांना विचारून? मी विचारलं, पट्टीखाली बोट फिरवून बघितलं का. नव्हतं बघितलं. बघितल्यावर म्हणाली, लाल आहे, आणि पट्टीची खालची कड ओली आहे. झालं, तिथेच उत्तर मिळालं. औषध आत न जाता सुईच्या कडेने बाहेर झिरपत होतं. एरवी त्या मुलीची नजर चांगली, पण तीन दिवस नीट चाललेल्या गोष्टीकडे माणूस बघायचं थांबतो.

यावर एक सांगते. लागोपाठ दोन डोस लागले नाहीत की आजार वाढला असं घरच्यांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही वाटतं. पण आधी जागा बघायची. लालसर झालीये का, बोटाला घट्ट गाठ लागतेय का, ओलं आहे का, ढकलताना पेशंट तोंड वाकडं करतो का, नळीत रक्त दिसतंय का. डोस दिल्यावर लगेच इवलासा फुगवटा येतो, तो हळूहळू जिरतो, त्याला घाबरू नका, पण पुढच्या डोसच्या वेळीही तो तिथेच असेल आणि घट्ट असेल तर ती जागा संपली. आणि अशा संपलेल्या जागेवरून डोस वाढवला तर खरा धोका पुढे असतो, नवीन चांगल्या जागेवरून तोच वाढवलेला डोस पूर्ण लागतो आणि पेशंट गुंगीत जातो. म्हणून मी डोस तसाच ठेवला आणि जागा बदलली. वाया गेलेले डोस "भरून काढायला" म्हणूनही काही जादा दिलं नाही.

नवीन जागा दंडाच्या बाहेरच्या बाजूला घेतली. पोट आता फुगायला लागलं होतं, पाणी भरत होतं, पायांना सूज होती, आणि सुजलेल्या भागात औषध नीट शोषलं जात नाही. गळपट्टीच्या हाडाखाली छातीवर पण घालतात पण काका इतके वाळलेले की तिथे कातडी आणि बरगडी यात काहीच नव्हतं, अशा माणसाच्या छातीत सुई घालायला मला नाही आवडत. ज्या कुशीवर ते झोपत त्याच्या उलट्या बाजूचा दंड घेतला. संध्याकाळी 5 ला सुई बसली, आधी सलाईनने नळी भरून घेतली होती. त्यानंतर 8 चा आणि रात्री 12 चा डोस सुनेने दिला, दोन्ही लागले, काका शांत.

त्या संध्याकाळी धाकटा मुलगा आला होता. तो म्हणाला वहिनी तू झोप, रात्री मी बसतो. वहिनी चार रात्री जागी, तिने त्याला दहा मिनिटांत सगळं दाखवलं आणि आडवी झाली. दाखवलं ते असं, की ही मॉर्फिनची सिरिंज, बूच स्पिरिटच्या कापसाने 15 सेकंद घासायचं, वाळू द्यायचं, सिरिंज लावायची, हळू ढकलायची, वहीत लिहायचं. आणि हो, नंतर सलाईन. हे "आणि हो" पोराच्या कानावरून गेलं. माझ्या ट्रेमध्ये मॉर्फिनच्या सिरिंजवर लाल पट्टी होती, नाव, डोस, भरल्याची तारीख-वेळ. सलाईनच्या सिरिंजवर नुसतं "सलाईन". त्याला वाटलं ते नळी धुवायला असेल, सकाळी वहिनी करेल.

रात्री 1 च्या सुमाराला चादर ओली झाली म्हणून त्याने काकांना कुशीवर वळवलं आणि दुखणं उसळलं. 1:10 ला त्याने ब्रेकथ्रू दिला. वहीत नीट लिहिलं. 1:40 ला मला फोन. "सिस्टर, दिलं हो, पण काहीच फरक नाही. अजून एक देऊ का?"

मी झोपेत होते तरी हे वाक्य ऐकलं की जाग येते. कातडीखालचं मॉर्फिन 10-20 मिनिटांत जाणवायला लागतं, अर्ध्या तासात चांगलंच कळतं. अर्ध्या तासात "काहीच" नाही म्हणजे एक तर दुखणंच वेगळं आहे नाहीतर औषध पोचलेलं नाही. कमी लागणं वेगळं आणि काहीच न लागणं वेगळं. मी दंडाची जागा बघायला सांगितली, मोबाईलच्या उजेडात. कोरडी, मऊ, लाली नाही, नळीला पीळ नाही. मग म्हटलं, ट्रेमध्ये सलाईनच्या सिरिंज किती आहेत मोज. मी 6 ठेवल्या होत्या, 8 ला एक आणि 12 ला एक गेली, 4 उरल्या, म्हणजे 1:10 ची वापरली असती तर 3 हव्या होत्या. तो म्हणाला 4.

आता इथे नीट समजून घ्या, कारण हेच सगळ्यात कमी सांगितलं जातं. त्या बटरफ्लायची नळी रिकामी नसते, तिच्यात जागा असते. हा सेट मी बसवायच्या आधी मोजला होता, कोरड्या नळीला 1 मिलीची सिरिंज लावून सलाईन ढकलत गेले आणि सुईच्या टोकाला थेंब आला तेव्हा 0.35 मिली गेलं होतं, बुचासकट. (तुमच्या सेटचा आकडा वेगळा येईल, नळीच्या लांबीवर आहे. असाच मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.) 12 च्या डोसनंतर सुनेने सलाईन दिलं होतं, म्हणजे नळी सलाईनने भरलेली. 1:10 ला पोराने 0.25 मिली मॉर्फिन ढकललं. ते नळीत शिरलं आणि त्याने पुढचं 0.25 मिली सलाईन काकांच्या दंडात ढकललं. बस. मॉर्फिन नळीत, सुईच्या अलीकडे, आणि काकांना मिळालं काय तर सलाईन. सिरिंज रिकामी झाली, पोराला वाटलं डोस गेला. डोस होता, फक्त नळीत होता.

त्याला मी म्हटलं दुसरी मॉर्फिन अजिबात लावू नको, सलाईनची एक घे, अर्ध्या मिलीची आहे, पण धुतल्यासारखी भसकन मारू नको, मॉर्फिन देतोस तशी एक-दोन मिनिटं लावून हळू दे. कारण त्या सलाईनचा पहिला भाग म्हणजे प्रत्यक्षात औषधाचाच डोस आहे, तोच आता आत जाणार आहे, आणि जोरात मारला की चरचरतं. 1:45 ला त्याने दिलं. फोन मी ठेवला नाही. 2 वाजता म्हणाला भुवया सैल झाल्या. 2:10 ला काका झोपले होते.

समजा मी फोन उचलला नसता आणि त्याने 1:40 ला दुसरा डोस तसाच, सलाईनशिवाय, दिला असता तर? एकूण अर्धा मिली मॉर्फिन नळीत ढकललं गेलं असतं, नळीत मावतं 0.35, म्हणजे काकांना मिळालं असतं फक्त 0.15, दीड मिलिग्रॅम. 5 दिल्याचं वहीत, दीड अंगात, साडेतीन नळीत. मग 4 वाजता वहिनी उठली असती, तिने रेग्युलर डोस दिला असता आणि नेहमीसारखं शहाण्यासारखं सलाईन दिलं असतं, आणि साडेतीन अधिक अडीच असे 6 मिलिग्रॅम एका दमात आत गेले असते. काका कदाचित त्यातूनही तरले असते, 6 म्हणजे काही राक्षसी आकडा नाही, पण सकाळी उठत नाहीत म्हणून घर हादरलं असतं, आणि दोष कुणाचा तर "मॉर्फिनचा". नळीत औषध आणि सलाईन कडेला थोडं मिसळतं, त्यामुळे आकडे इतके काटेकोर नसतात, पण हिशोब हाच.

एकाच नळीतून दोन औषधं जात असतील तर हेच जरा जास्त गंभीर. काकांना अस्वस्थपणासाठी मिडाझोलामही लिहून दिलेलं होतं. मॉर्फिन देऊन सलाईन विसरलं आणि तासाभराने मिडाझोलाम दिलं, तर आत जातं मॉर्फिन आणि नळीत बसतं मिडाझोलाम. घरचे म्हणणार मिडाझोलामने शांत झाले. म्हणून दर औषधानंतर सलाईन, प्रत्येक वेळी, दोन औषधं लागोपाठ असतील तर मध्येही. आणि काही औषधं सलाईनशी जमत नाहीत, उलटीवरचं सायक्लिझिन हे त्यातलं, त्यात स्फटिक धरतात, तिथे इंजेक्शनचं साधं पाणी वापरतात. ते औषध लिहून देणाऱ्याला विचारायचं, आपल्या मनाने नाही.

4 चा रेग्युलर डोस द्यायचा का, असं पोराने विचारलं, कारण नुकतंच तर दिलंय. द्यायचा. ब्रेकथ्रू हा रेग्युलरच्या वरचा असतो, तो दिला म्हणून रेग्युलर गाळायचा नसतो, गाळला की सकाळी पुन्हा दुखणं आणि पुन्हा ब्रेकथ्रू. पण त्या रात्री नळीतलं औषध खरं 1:45 ला लागलंय हे धरून मी त्याला देण्याआधी दोन गोष्टी बघायला सांगितल्या. हाक मारल्यावर डोळे उघडतात का, आणि श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोज, 15 सेकंद मोजून चारने गुणू नको, या पेशंटचा श्वास एकसारखा नसतो. काका "अं" म्हणाले, श्वास 14. डोस दिला, सलाईन दिलं. घरात लावून ठेवलेल्या आमच्या सूचनांच्या पानावर लिहिलं होतं की हाकेला, हलवण्याला जाग नाही आणि श्वास मिनिटाला 8 च्या खाली, तर पुढचा डोस थांबवा आणि आधी फोन. नुसत्या डोळ्यांच्या बारीक बाहुल्या बघून घाबरायचं नाही, मॉर्फिनवर त्या बारीक असतातच.

त्याच पानावर ब्रेकथ्रूची मर्यादाही होती. दोन ब्रेकथ्रूमध्ये निदान एक तास. लागोपाठ दोन लागले नाहीत तर तिसरा न देता फोन. 24 तासांत तीनच्या वर लागले तरी फोन, कारण मग रेग्युलर डोसच कमी पडतोय. हे त्या घरासाठी, त्या माणसासाठी डॉक्टरांनी ठरवलेलं होतं, तुमच्या पानावर वेगळं असेल आणि तेच धरायचं.

सकाळी मी गेले. पोराचा चेहरा असा की जणू त्याने बापाला मुद्दाम तडफडवलं. मी त्याला सरळ सांगितलं की चूक माझ्या लेबलाची आहे. "सलाईन" हे वस्तूचं नाव झालं, काम नाही झालं. रात्री 1 वाजता झोपाळू माणसाला काम सांगावं लागतं. मी सगळ्या लेबलांवर "मॉर्फिननंतर लगेच, हळू" असं लिहिलं, आणि एक मॉर्फिन एक सलाईन अशी जोडी रबरबँडने बांधून ठेवली. एकटी सिरिंज ट्रेमध्ये ठेवायचीच नाही. जोडी उचलली की दोन्ही रिकाम्या व्हायला हव्यात. वहीत पण एक रकाना वाढवला, डोसची वेळ आणि सलाईनची वेळ वेगळी, आणि त्याच्यापुढे अर्ध्या तासाने कसं वाटतंय.

पोराने अजून एक विचारलं, हळूच. सिरिंजमध्ये एक बुडबुडा होता, तो आत गेला असेल तर? काही होत नाही. ही सुई शिरेत नाही, कातडीखाली आहे, बारीक बुडबुड्याने तिथे इजा होत नाही. बुडबुडा काढायचा तो डोस मोजताना, कारण पाव मिलीत बुडबुडा असला की तेवढं औषध कमी भरलं जातं. हे ऐकून तो बराच मोकळा झाला, रात्रभर त्याला सलाईनपेक्षा बुडबुड्याचीच धास्ती होती.

आणि चादर. वळवल्यावर दुखणार हे माहीत होतं तर ब्रेकथ्रू आधी द्यायचा होता. वळवणं, अंग पुसणं, ड्रेसिंग, जे ठरवून करायचंय त्याच्या 20-30 मिनिटं आधी तीच जोडी वापरायची. त्या दिवसापासून सकाळच्या पुसण्याआधी ते तसं देत आणि वहीत "पुसण्याआधी" असं लिहीत. अर्थात तोही ब्रेकथ्रू म्हणूनच मोजायचा, डॉक्टरांना दिवसाचा आकडा कळायला हवा.

दंडाची सुई पाच दिवस टिकली. स्टीलसाठी हे बरंच, बऱ्याचदा दोन-तीन दिवसांतच जागा कुरकुरते, मऊ प्लॅस्टिकची कॅन्युला असेल तर ती जास्त टिकते. दिवसात दोनदा आणि प्रत्येक डोसआधी बोटाने जागा चाचपायची हे सुनेने आता सोडलं नाही. शेवटचे दोन दिवस मी दुसऱ्या दंडावर एक जादा बटरफ्लाय घालून ठेवली, सलाईनने भरून, नुसती बूच लावून. रात्री पहिली बंद पडली तर माझी वाट बघत बसायला नको. तिच्यावर मोठ्या अक्षरात "राखीव, आत सलाईन".

ती लागली नाही. काका गेले ते पहाटे, शेवटचा डोस 4 चा, सलाईन 4:03, वहीत धाकट्याच्या अक्षरात. डॉक्टर येऊन बघेपर्यंत दोन्ही सुया तशाच ठेवल्या, मग मी काढल्या आणि तिथेच सुयांच्या डब्यात टाकल्या, टोपण परत न लावता. त्यानंतर सुनेने आणि मी ट्रेजवळ बसून उरलेली ॲम्प्युल मोजली आणि वहीशी जुळवली, 7 हवी होती, 7 निघाली. भरून ठेवलेल्या 2 जोड्या होत्या, त्यातलं मॉर्फिन वाया म्हणून वहीत वेगळं लिहिलं आणि दोघींनी सही केली.